गाडीत भूत आहे का? महाळुंग्याच्या वळणावर पेटणारा एअरबॅगचा दिवा

चाकणची_वाट

विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा. कथा म्हणून वाचा नाहीतर तक्रार म्हणून, पण शेवट तुम्हीच सुचवा.

पहिली नोकरी लागली. चाकण एमआयडीसीत, क्वालिटीला ट्रेनी. घर तळेगाव दाभाड्याला. कंपनीची बस शिफ्टवाल्यांसाठी, मी जनरलला, त्यामुळे स्वतःची सोय स्वतः. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांची एकच अट होती: गाडी कितीही जुनी चालेल, एअरबॅगवाली हवी. आयुष्यभर ज्या माणसाच्या छातीपुढे नुसतं लोखंडी स्टिअरिंग होतं त्याने ही अट घालावी याचं मला हसू आलं, पण ऐकलं. एका एजंटाकडे २०१४ ची छोटी हॅचबॅक मिळाली, वरचं मॉडेल, पुढे दोन एअरबॅग. एक लाख पंच्याऐंशी हजारांत. "नॉन अ‍ॅक्सिडेंट, मॅडम, लिहून देतो" म्हणाला. लिहून काही दिलं नाही.

पहिला दिवस. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, इंदोरीपर्यंत सगळं छान. सुदुंबऱ्याच्या पुढे कंटेनरची रांग लागली, तीही पार केली. महाळुंग्याला एमआयडीसीत शिरायला उजवीकडे वळले. एक टेम्पो अंगावर येत होता म्हणून हॉर्न दाबला, तर हॉर्न मुका. (तो आधीपासून लहरी आहे, एजंट म्हणाला होता रिले बदला.) टेम्पो गेला, मी श्वास घेतला, आणि मीटरमध्ये लाल दिवा: बसलेला माणूस, त्याच्या पुढे फुगा.

गाडी बाजूला घेतली. मॅन्युअल नाहीच. वडापावच्या टपरीवाल्याने काचेतून डोकावून "त्याला काय होत नाय, चालू द्या" असा निर्वाळा दिला. पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून निघाले. दिवसभर इंडक्शनमध्ये सेफ्टीचे व्हिडिओ दाखवत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो लाल माणूस.

संध्याकाळी चावी फिरवली, दिवा पेटला आणि विझला. घरापर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, त्याच वळणावर पेटला. मग कधी पेटतो, कधी नाही. पेटला की गाडी बंद करेपर्यंत तसाच राहतो, परत चालू केली की गायब.

गॅरेजला नेली की अर्थातच पेटत नाही. काय करू?

पक्याभाऊ

ताई, सोप्पं आहे. ड्रायव्हर सीटखाली पिवळं कनेक्टर असतं. आधीचा मालक उंच असणार, तुम्ही सीट पुढे ओढलीत, वायर ताणली गेली. खाली हात घालून कनेक्टर हलवा, दाबून बसवा, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा रिसेट. माझ्या तीन मित्रांच्या गाड्यांत हेच निघालं. उगाच शोरूमला जाऊन लुटून घेऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा

मले वाटलं खरंच भुताचा किस्सा हाय, चहा घेऊन बसलो होतो ना राजेहो. असो. माह्या गाडीत असाच दिवा लागे, त्यो एबीएसचा होता. पावसाळ्यात उंदरानं चाकाजवळची वायर कुरतडली होती. बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का पाहा. डांबरगोळ्या ठेवा, तंबाखूचे पानं ठेवा. तंबाखूनं उंदीर गेला नाही, पण शेजारचे काका रोज बॉनेट उघडून पाहू लागले.

ओहायोकर

Urgent! गाडी चालवणं ताबडतोब थांबवा. टकाटा एअरबॅगचं प्रकरण वाचलं नाही का? इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे उडतात, माणसं गेली आहेत. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली त्यापायी. २०१४ ची गाडी म्हणजे नेमका तोच काळ. दिवा त्यासाठीच लागत असणार.

जुना_फोरमन

एकेक घेऊ.

ओहायोकर, तुमची काळजी खरी, पण दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही. टकाटाचा दोष आतल्या स्फोटक मिश्रणात. अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं. वायर, सर्किट सगळं ठणठणीत असतं, त्यामुळे मीटरला काही कळत नाही आणि दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणून निर्धास्त राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पोरी, आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन गाडीच्या कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का ते एकदा पाहून ठेव. फुकट आहे.

पक्या, सीटखालचं कनेक्टर हे नेहमीचं कारण आहे, बरोबर. पण "हात घालून हलवा" असं कोणाला सांगू नकोस. त्या पिवळ्या वायरी मुद्दाम पिवळ्या केल्यात. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, वर काही मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडता यावी म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये चार्ज साठवलेला असतो, तो उतरायला वेळ लागतो. आणि मल्टीमीटर त्या बॅगेच्या पिनांना लावायचा नाही, कधीच नाही. मीटरचा करंटदेखील ती उडवू शकतो. बॅटरी काढून एअरबॅगचा नोंदलेला दोष बहुतेक गाड्यांत पुसलाही जात नाही.

आता मूळ गोष्ट. या मुलीने उत्तर स्वतःच लिहिलंय आणि कंसात टाकून दिलंय. हॉर्न मुका झाला आणि दिवा पेटला, एकाच वळणावर, एका दमात. सीटखालच्या वायरीचा हॉर्नशी काय संबंध?

मला सांग: स्टिअरिंगवर ऑडिओची बटणं आहेत का, आणि ती त्या वेळी चालतात का? दिवा पेटतो तेव्हा स्टिअरिंग किती फिरवलेलं असतं?

चाकणची_वाट

काका, बटणं आहेत, पण मी गाणी लावतच नाही, रस्त्याकडेच बघायला दोन डोळे पुरत नाहीत. वळणावर स्टिअरिंग जवळपास पूर्ण फिरवावं लागतं, कारण कोपऱ्यावर कायम ट्रक उभा असतो. उलट गेटमध्ये डावीकडे वळते तेव्हा कधीच नाही.

जुना_फोरमन

मग मोकळ्या मैदानात जा. इंजिन चालू, गाडी अगदी हळू, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव आणि पूर्णवेळ हॉर्न थोडा थोडा दाबत राहा. कुठे तुटतो ते बघ. बाबांना बाहेर उभं कर, एसटीवाल्याचे कान पक्के असतात.

पक्याभाऊ

हॉर्न रिले पण असू शकतो ना काका. एजंटाने सांगितलंच आहे.

जुना_फोरमन

रिलेला स्टिअरिंग कुठल्या बाजूला फिरलंय ते कळत नाही रे.

चाकणची_वाट

रविवारी केलं. सोसायटीमागच्या मैदानात. बाबा कंबरेवर हात ठेवून उभे, मी हॉर्न वाजवत गोल गोल. क्रिकेटवाली पोरं बॅट टाकून बघत होती.

सरळ असताना हॉर्न वाजतो. डावीकडे शेवटपर्यंत वाजतो. उजवीकडे एक पूर्ण फेरा मारून पुढे पाव फेरा गेला की बंद, आणि थोडं मागे घेतलं की पुन्हा चालू. बाबांनी स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला चिकटपट्टी लावली आणि ती कुठे आली की आवाज तुटतो ते बघितलं. दर वेळी तिथेच. आणि परत परत केल्यावर दिवाही पेटला. आवाजाची बटणंही तेव्हा मेलेली.

मधल्या काळात ऑफिसमधल्या एकाने ब्लूटूथवाला स्कॅनर दिला, डॅशखाली खोचायचा. दिवा पेटलेला असताना ॲपमध्ये आलं `No fault codes`. मग हा काय प्रकार?

जुना_फोरमन

ते स्वस्तातलं डबडं इंजिनशी बोलतं, एअरबॅगच्या युनिटशी नाही. इंजिनचे कोड P ने सुरू होतात, एअरबॅगचे B ने. एअरबॅग वाचणारा स्कॅनर लागतो, शोरूममध्ये किंवा बऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. तिथे ड्रायव्हर साइडच्या बॅगेचं सर्किट उघडं किंवा रेझिस्टन्स जास्त असं निघेल, लिहून ठेव. दोष नोंदलेला राहतो, त्यामुळे त्या क्षणी दिवा विझलेला असला तरी वाचता येतो. "गॅरेजला नेली की पेटत नाही" ही अडचण तिथेच संपते.

तुझ्या गाडीची क्लॉक स्प्रिंग गेली आहे. काही मेकॅनिक स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंग फिरतं पण त्याखालचा दांडा बसवलेली चौकट स्थिर, मग हॉर्नची, बटणांची आणि बॅगेची वायर फिरत्या भागात न्यायची कशी? म्हणून एका चपट्या गोल डबीत पट्टीसारखी केबल गुंडाळलेली असते. स्टिअरिंगबरोबर ती गुंडाळते, सुटते. तिच्या एका घडीत तांब्याला तडा गेला की सरळ चालताना टोकं भिडलेली राहतात, आणि ठराविक फेऱ्यावर ताण आला की सुटतात. तुझ्या महाळुंग्याच्या वळणावर तेवढा फेरा बसतो. कंट्रोल युनिटला सर्किट तुटलेलं दिसलं की ते दिवा लावतं आणि गाडी बंद करेपर्यंत लावूनच ठेवतं. काही गाड्यांत तर दोष पुसल्याशिवाय तो परत विझतच नाही.

तोपर्यंत गृहीत धर की तुझ्या पुढची बॅग उघडणार नाही. दिवा लागलेला असताना बेल्टचा ताणून धरणारा भागही काम करेल याची खात्री नाही. बेल्ट मात्र बेल्ट म्हणून धरतोच, तो लाव.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे उंदीर नाही तर. काका, आमच्याकडं तर येक जण दिवाच काढून देते पाचशे रुपयांत. मीटर खोलते, बल्ब काढते, काम तमाम.

चाकणची_वाट

मलाही तेच सुचवलं! चाकण चौकाजवळचा एक वायरिंगवाला म्हणाला, "स्प्रिंगचे चार-पाच हजार कशाला घालता, रेझिस्टर टाकतो, दिवा कायमचा गेला, पासिंगलाही अडचण नाही."

जुना_फोरमन

त्या माणसाच्या दारात परत जाऊ नकोस. बॅग पेटवणाऱ्या बारीक तारेचा रेझिस्टन्स दोन-अडीच ओहमच्या आसपास असतो. तेवढाच रेझिस्टर सर्किटमध्ये घातला की युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे. धडक झाली की रेझिस्टर तापेल, बॅग जागची हलणार नाही. अपघातात बॅगा उडालेल्या गाड्या अशाच विकतात. बॅग नसते, वर नुसतं झाकण असतं.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, जुनी गाडी बघायला गेलात तर ही एक गोष्ट करा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि पाच-सात सेकंदांत आपला आपण विझला पाहिजे. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा मात्र पेटलेलेच राहतात, कारण इंजिन बंद आहे. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही तर कोणीतरी काढलाय. आणि तो ऑइलच्या दिव्याबरोबरच, इंजिन सुरू झाल्यावरच विझत असेल तर कोणीतरी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडलीये. रेझिस्टरवाली लबाडी मात्र यात सापडत नाही, त्यासाठी स्टिअरिंगच्या मधलं पॅड उघडावं लागतं.

पोरी, तुझा दिवा बरोबर पेटतो-विझतो असं तू लिहिलंयस, ते ठीक. पण एक बघ. ड्रायव्हरचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढ. खालच्या टोकाला कापडी लेबल शिवलेलं असतं, त्यावर तारीख असते. कोणत्या वर्षाची?

चाकणची_वाट

लेबल अर्धं पुसलंय, पण वर्ष वाचता येतं. २०१७. शेजारच्या सीटचाही २०१७. मागच्या सीटचे २०१४.

पक्याभाऊ

ओहो.

ओहायोकर

म्हणजे गाडी ठोकलेली आहे. एजंटाला नोटीस पाठवा. इथे चेसिस नंबर टाकला की गाडीचा पूर्ण इतिहास पैसे भरून मिळतो, तिथे वाहनच्या साइटवर नाही का दिसत?

कोर्टाची_पायरी

वाहनवर मालक, हायपोथिकेशन, विम्याची मुदत दिसते, अपघात दिसत नाही. मी वकिली करते, गाड्यांतलं कळत नाही, पण जुन्या विमा पॉलिसीच्या प्रती मागा. त्यावर नो क्लेम बोनस छापलेला असतो. क्लेम झाला की पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो. २०१७ किंवा १८ ची प्रत मिळाली तर कळेल. गेल्या वर्षाची पॉलिसी बघून उपयोग नाही, पाच वर्षं क्लेम नाही झाला की तो पुन्हा पन्नास टक्क्यांवर जातो. शिवाय शोरूमला चेसिस नंबर देऊन सर्व्हिस रेकॉर्ड विचारा, देतात कधी कधी.

नोटिशीबद्दल: "नॉन अ‍ॅक्सिडेंट" तोंडी होतं. व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली होती का? त्यात ते शब्द असतील तर डिलीट करू नका.

चाकणची_वाट

जाहिरात आहे. शब्द आहेत. एजंट आता फोन उचलत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड २०१६ पर्यंतच सापडलं, पुढे बाहेरच्या गॅरेजला नेत होते म्हणे.

आणि काम झालं. कोड काकांनी सांगितला तोच निघाला. बाबांच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे स्प्रिंग बदलली, पार्ट कंपनीचा घेतला, मजुरी धरून सहा हजारांच्या आत. मी समोर उभी राहून बघितलं.

त्याने चाकं सरळ केली, बॅटरीची वायर काढली, मग सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं टाइमपास चाललाय, पण चहा म्हणजेच ती थांबायची मिनिटं. मग पॅडच्या मागचे स्क्रू काढले, पॅड अलगद उचललं, पिवळं कनेक्टर सोडवलं आणि पॅड टेबलावर चेहरा वर करून ठेवलं. मी विचारलं असं का, तर म्हणाला, "उलटं ठेवलं आणि उडालं तर पॅडच छताला जाईल. असं उडालं तर नुसती बॅग वर येईल." मागच्या लेबलवर २०१७.

जुनी डबी काढून त्याने माझ्या हातात दिली. हलवली तर आत काहीतरी खुळखुळत होतं. उघडली. पिवळसर पारदर्शक पट्टी, तिच्यात तांब्याच्या बारीक रेघा, आणि एका घडीत दोन रेघा केसासारख्या चिरलेल्या. नवी डबी मधोमध पिन घालून लॉक केलेली येते. ती बसवून, स्टिअरिंगचा नट आवळूनच त्याने पिन काढली. म्हणाला, ही मधोमध नसली तर एका बाजूला फिरवताना पहिल्याच दिवशी तुटते.

दिवा पेटला, विझला. वळणावर पेटला नाही. हॉर्नही वाजतो, आता टेम्पोवाले दचकतात.

जुना_फोरमन

छान काम केलंय त्या माणसाने, त्याला माझा नमस्कार सांग.

तीनही ठिकाणी २०१७ म्हणजे समोरून ठोकली, दोन्ही बॅगा आणि बेल्ट उडाले, आणि कोणीतरी तेव्हा नवे टाकले. भंगारातून आणलेले असते तर वर्षं बहुधा निरनिराळी दिसली असती. क्लॉक स्प्रिंग मात्र जुनीच ठेवली. बॅग उडताना ती तापते, म्हणून त्याच वेळी बदलायची असते. तिने इतकी वर्षं काढली हेच नशीब.

एक प्रश्न उरतो. कंट्रोल युनिट बदललं होतं का? धडकेत बॅगा उडाल्या की त्यात तो अपघात नोंदला जातो आणि बहुतेक कंपन्या म्हणतात ते बदलाच. काही जण मेमरी पुसून तेच परत बसवतात. ते गिअरच्या पुढे कन्सोलखाली असतं, काढल्याशिवाय लेबल दिसणार नाही.

कोर्टाची_पायरी

यासाठीच म्हणते, कन्सोल उघडताना फोटो, तारीख, बिल ठेवा. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर तेच कामी येईल.

पक्याभाऊ

काका, आता दिवा बरोबर चालतोय ना, मग कशाला खोलायचं? युनिट स्वतःची तपासणी करतंच की.

जुना_फोरमन

स्वतःची तपासणी करतं हे खरं, आणि बऱ्याचदा मेमरी पुसलेलं युनिट चालूनही जातं. पण "बऱ्याचदा" वर मी माझ्या पोरीला चाकण रोडवर पाठवणार नाही. तिचे बाबा काय म्हणतात ते बघू.

चाकणची_वाट

बाबा म्हणतात खोल. मी म्हणते पहिला पगार होऊ दे. सध्या घरात शीतयुद्ध आहे आणि आई दोघांनाही बस घ्या म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा

आईचं ऐका.

पक्याभाऊ

काका, एक विचारू? आत्ता पार्किंगमध्ये जाऊन तुमची चावीवाली टेस्ट केली. माझ्या गाडीत एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याबरोबरच विझतो. इंजिन लावल्यावर.

जुना_फोरमन

कोणाकडून घेतलीस?

पक्याभाऊ

मित्राकडून. त्या तिघांतल्याच एकाकडून.